झाडावर आदळलेली गाडी, नसलेला साक्षीदार आणि न लावलेला सीटबेल्ट

प्रश्न: माझा धाकटा भाऊ मित्राच्या कारमध्ये मागे बसला होता. रात्री गाडी रस्त्याकडेच्या झाडावर आदळली. मित्र गाडी चालवत होता, दोघेही गेले. पाहणारं कोणी नव्हतं. आमचे वकील ‘रेस इप्सा लोक्विटर’ लागेल म्हणतात, विमा कंपनी म्हणते भावाने सीटबेल्ट लावला नव्हता. दावा टिकेल का, आणि किती कापतील?

उत्तर: भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. मी मोटार अपघात दाव्यांचंच काम करतो. तुमच्या वकिलांचं म्हणणं बरोबर आहे.

तुमच्यासारखीच एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती आणि आजही मोटार अपघात दावा प्राधिकरणासमोर तिचा दाखला दिला जातो. 18 डिसेंबर 1960 रोजी एक कार नागपूरहून पांढुर्ण्याला निघाली होती. गाडी एका जिनिंग कंपनीची, चालवणारा तिचा मॅनेजर. वाटेत गाडी रस्त्याची उजवी बाजू ओलांडून झाडावर गेली. धडक एवढी जबर की झाड जमिनीपासून काही इंचांवर उखडलं. मॅनेजर गेला, सोबत बसलेले उदेशीही गेले. त्यांच्या पत्नी पुष्पाबाईंनी दावा लावला. समोरच्यांचं म्हणणं, चालक बेदरकार होता हे तुम्ही सिद्ध करा. 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काही अपघात स्वतःच बोलतात, तिथे अपघात दाखवला की अर्जदाराचं काम झालं. चालकाची बाजू डावी, मग गाडी उजवीकडच्या झाडावर गेली कशी, हे सांगायची पाळी गाडीवाल्यांची. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. कंपनी जबाबदार ठरली.

‘रेस इप्सा’चा अर्थ एवढाच, ‘घटनाच बोलते’. त्याला तीन गोष्टी लागतात. गाडी पूर्णपणे त्या चालकाच्या ताब्यात असायला हवी, नीट चालवली तर असं सहसा घडत नाही असा अपघात असायला हवा, आणि समोरून पटेल असा खुलासा आलेला नसावा. लोक तिसरी अट विसरतात. वकील साहेब लॅटिन वाक्य म्हणतात आणि खाली बसतात, मग समोरचा ‘टायर फुटला’ म्हणतो आणि यांची तयारीच नसते.

म्हणून त्याची तयारी आधी करा. नुसतं ‘टायर फुटला’ म्हणणं पुरत नाही. टायर का फुटला, तो किती जुना, झिजलेला होता का, हे त्यांनी सांगायला हवं. इंग्लंडमध्ये 1950 च्या एका निकालात बसचा टायर फुटून बस उतारावरून खाली गेली होती. तिथे हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटलं की कारण कळलंय, तेव्हा ‘घटनाच बोलते’ म्हणायची गरजच उरली नाही, आता त्या कारणामागे हयगय होती का ते पाहू. होतीच: टायरला जोराचा दणका बसला तर कळवा, असं कंपनीने चालकांना सांगितलेलं नव्हतं. म्हणजे खुलासा आला की हे तत्त्व बाजूला पडतं, दावा मात्र लगेच पडत नाही.

आता कागद. घटनास्थळाचा पंचनामा मिळवा आणि शब्द न् शब्द वाचा. माझ्या एका केसमध्ये त्यात एकच ओळ होती: झाडाची साल जमिनीपासून दोन फुटांवर निघालेली, रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नाहीत. त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर आमचा दावा उभा राहिला. जनावर आडवं आलं म्हणावं, तर माणूस ब्रेक दाबतो. मोटार वाहन निरीक्षकाचा गाडी तपासणीचा अहवालही घ्या, स्टिअरिंग आणि ब्रेक ठीक होते का, ते त्यात असतं. चालकच गेल्यामुळे फौजदारी खटला चालणार नाही, त्याने घाबरू नका. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, इथे नुसत्या शक्यतेचं पारडं जड असलं की पुरतं.

सीटबेल्टकडे येऊ. अपघात भावामुळे झाला नाही, हे कंपनीलाही मान्य असणार. तिचं म्हणणं इतकंच की दुखापत वाढण्यात त्याचा हात होता. याला काँट्रिब्युटरी निग्लिजन्स म्हणतात, म्हणजे नुकसान सोसणाऱ्याची स्वतःची हयगय. पूर्वीच्या इंग्लिश कायद्यात ती थोडीशी जरी असली तरी दावा पार बुडायचा. 1809 मध्ये डर्बीत एकाने रस्त्यावर आडवा खांब ठेवला होता, संधिप्रकाशात भरधाव आलेला घोडेस्वार त्यावर आदळला, आणि त्याला छदामही मिळाला नाही. इंग्लंडने 1945 च्या कायद्याने हे बदललं. आपल्याकडेही अपघाताच्या दाव्यांत न्यायालयं दोषाची टक्केवारी काढतात आणि तेवढीच रक्कम वजा करतात.

हे सिद्ध करायचा भार मात्र तुमच्यावर नाही, कंपनीवर आहे. आणि ‘बेल्ट नव्हता’ एवढ्याने तिचं काम भागत नाही. बेल्ट असता तर तो वाचला असता, किंवा इजा कमी झाली असती, हेही दाखवावं लागतं. इंग्लंडच्या 1976 च्या फ्रूम विरुद्ध बुचर या निकालाने ढोबळ माप दिलंय: बेल्टने इजा पूर्ण टळली असती तर 25 टक्के वजा, कमी झाली असती तर 15 टक्के, काहीच फरक पडला नसता तर शून्य. आपल्याकडे असा ठरावीक आकडा नाही, पण विचार हाच. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात हेच म्हटलं. मयत तरुण मोटारसायकलवर मागे बसला होता, गाडीवर तिघं होते, मागून कारने ठोकलं. ट्रिपल सीट म्हणून हायकोर्टाने 10 टक्के कापले होते. ट्रिपल सीट बसणं नियमबाह्य असेल, पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली असा धागा दाखवला नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाने ती कपात काढून टाकली.

म्हणून पोस्टमॉर्टेम अहवाल आणि गाडीचे फोटो एकत्र ठेवून बघा. भाऊ ज्या बाजूला बसला होता, त्याच बाजूचं छप्पर चेपून आत आलं असेल तर बेल्टने काय वाचवलं असतं? तो गाडीबाहेर फेकला गेला असेल, तर मात्र कंपनीचा मुद्दा जड होतो. समजा भरपाई 24 लाख ठरली आणि 15 टक्के हयगय धरली, तर 3 लाख 60 हजार जातील, 20 लाख 40 हजार हातात येतील. टक्केवारी एकूण रकमेवर लागते. तडजोडीला बसाल तेव्हा कंपनी सुरुवातच 50 टक्क्यांपासून करते, तिला विचारा की हा आकडा कशावरून.

मित्राने दारू घेतली होती का, आणि भावाला ते माहीत होतं का, हेही विचारलं जाईल. माहीत असून तो गाडीत बसला असेल, तर त्यावरूनही कपात होऊ शकते.

शेवटी पॉलिसी बघा. मित्राच्या गाडीची पॉलिसी पॅकेज असेल तर गाडीतले प्रवासी त्यात येतात. नुसती थर्ड पार्टी असेल तर कंपनी सुटू शकते, मग वसुली मित्राच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतूनच करावी लागेल. वकिलांना भेटायला जाताना ती पॉलिसी सोबत न्या.