तिसरी शिट्टी झाली तरी गॅस चालूच

अरे मित्रा,

तुझा मेसेज सकाळीच वाचला, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून आता निवांत बसून लिहितेय. आईचा साडेसात मिनिटांचा व्हॉइस मेसेज तू भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलास, खाली लिहिलंस "आजचं कीर्तन आलंय, टाळ घेऊन बसा", सगळे हसले, मग कुणीतरी ते मावशीला दाखवलं, मावशीने आईला सांगितलं, आणि आता तीन आठवडे आई फक्त अंगठा पाठवतेय. आणि तू विचारतोस, मग काय आईबाबांची मस्करीच करायची नाही का?

करायची रे, भरपूर करायची. तो कीर्तनाचा विनोद तू आईलाच पाठवला असतास ना, तर ती हसली असती आणि वर "बुक्का लावायला घरी ये" म्हणाली असती. बिघडलं ते एवढंच की तो तिला सोडून बाकी सगळ्यांना सांगितलास. समोरासमोर केली तर ती मस्करी, पाठीमागे केली की तीच टिंगल होते, शब्द तेच असले तरी.

मी दर शनिवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मोबाइल शिकवते, तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ही मंडळी एवढं लांब का बोलतात? एक तर मराठी टाइप करायला त्यांना फार वेळ लागतो, जोडाक्षर आलं की बोट अडतं आणि चष्मा वर-खाली होतो. आणि दुसरं म्हणजे त्यांचं बोलणं अजून आंतर्देशीय पत्राच्या चालीवर चालतं. आधी इकडचं क्षेमकुशल, मग पाऊस, मग शेजारच्यांचं ऑपरेशन, मग कुणाचं लग्न ठरलं, आणि खरं कामाचं असतं ते अगदी शेवटी, "हां आणि ते राहिलंच, डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय". म्हणून पहिलं दीड मिनिट ऐकून "ओके आई" लिहिणारा मुलगा नेमका डॉक्टरचाच भाग ऐकत नाही.

आणि एक तुला कदाचित माहीत नसेल. आईने पाठवलेल्या व्हॉइस मेसेजशेजारी तिच्या फोनवर छोटा माइक असतो, तो तू ऐकेपर्यंत करडा राहतो आणि ऐकलंस की निळा होतो. सेटिंगमध्ये जाऊन निळ्या टिका बंद केल्यास तरी हा माइक लपत नाही. मी हे वर्गात सांगितलं त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या मुलांचे मेसेज उघडून बघितले, आणि एक काकू बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. माइक निळा झाला तरी तू प्ले करून फोन बाजूला ठेवलास का खरंच ऐकलंस, हे मात्र त्यातून कळत नाही. ते कळतं तुझ्या मस्करीतून.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, मस्करी सहाव्या मिनिटातल्या गोष्टीवर करा. तूच लिहिलं आहेस की त्या मेसेजमध्ये मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि मध्येच आई भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडते. मग "आई किती लांब बोलतेस गं" हे कशाला? ते तर सगळेच म्हणतात आणि त्याचा तिला लागणारा अर्थ एकच, की नको बोलूस. त्याऐवजी म्हण, "आई, तिसरी शिट्टी झाली तरी गॅस बंद केला नाहीस, वरण लागलं का गं? आणि कोथिंबीर शेवटी दहाला दिली का त्याने?" यात मस्करी आहेच, पण तिला कळतं की पोराने शेवटपर्यंत ऐकलं. शिवाय उत्तर द्यायला तिला जागा आहे, वरण लागलं नाही हे ती ठासून सांगणार, आणि त्याचाही मेसेज चार मिनिटांचा असणार. वेळ नसेल तर दीडपट वेगाने ऐक, ती सोय २०२१ पासून आहे, पण मध्ये उड्या मारू नकोस.

आता बाबांचं. कुणी गेल्याच्या बातमीखाली त्यांनी 😂 टाकलं, असं लिहिलंयस. हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं, कारण त्या चेहऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे आणि बारीक आकारात हसू दिसतच नाही. इथे क्रम महत्त्वाचा. आधी ते निस्तरायचं, ग्रुपवर चकार शब्द काढायचा नाही, सरळ बाबांना फोन करायचा. मेसेज दाबून धरा, डस्टबिनचं चिन्ह दाबा, आणि Delete for everyone निवडा. इथेच हमखास गोची होते, घाईत Delete for me दाबलं जातं, मग बाबांच्या फोनवरून तो मेसेज जातो आणि बाकी सगळ्या गावाला दिसत राहतो, आणि बाबा निर्धास्त. तसं झालं तर खाली काही सेकंद Undo दिसतं, ते लगेच दाबायचं आणि पुन्हा नीट करायचं. सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवसांच्या थोडं वर वेळ मिळतो, त्यामुळे घाबरवायचं कारण नाही. हसायचं ते नंतर, आठवड्याने, घरात चहा घेताना, "बाबा, आज कुणाच्या बातमीला कुठला चेहरा टाकायचा ते आधी मला दाखवा". बाबा स्वतःहून ती गोष्ट पाहुण्यांना सांगायला लागले की समज ती घरची झाली. ते सांगेपर्यंत तू सांगू नकोस.

एका ठिकाणी मात्र अजिबात हसायचं नाही, ते म्हणजे पैसे. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडली, कुणाला ओटीपी सांगितला, असं काही झालं तर "बाबा, तुम्हीपण ना" एवढंसुद्धा नको. वर्गातल्या एका आजोबांनी असंच झालेलं दोन दिवस घरात लपवलं, कारण आधी एकदा चुकून भलत्याला रिचार्ज केला तेव्हा नातवंडं महिनाभर हसली होती. अशा फसवणुकीत पहिले काही तास फार मोलाचे असतात, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला आणि बँकेला कळवलं तर पैसे पुढे जायच्या आत अडवायची शक्यता असते. दोन दिवसांनी ती फारशी उरत नाही. त्यांनी चूक झाली की पहिला फोन तुला करावा असं वाटत असेल तर छोट्या चुकांवर तू कसा हसतोस ते ते बघून ठेवतात हे लक्षात घे.

आता आईचं काय करायचं ते सांगते. ग्रुपवरचा तो मेसेज सगळ्यांसाठी पुसायची वेळ तर कधीच उलटून गेली, म्हणून भावंडांना स्पष्ट लिही की माझं चुकलं. आईला टाइप करून सॉरी म्हणू नकोस. माइक दाबून धर, वर सरकवून लॉक कर आणि बोल, चांगलं पाच मिनिटं. आधी तुझ्याकडचा पाऊस, मग मेसचं जेवण, मग रूममेटचं घोरणं, आणि शेवटी "हां आणि ते राहिलंच, माझं चुकलं गं आई, तुझे मेसेज येत नाहीत तर करमत नाही".

ती उत्तर देईल. आणि वरण लागलं होतं का, ते मलाही कळव.

तुझी,
ताई