अकरा अ‍ॅप आणि एक गाळलेली ओळ

"सर, बायोडेटात अकरा अ‍ॅप लिहिली आहेत, तरी मुलाखतीला कोणी बोलावत नाही. ज्याचे रेटिंग ३.४ आहे ते मी दाखवलेलेच नाही. आयफोनचे काम येत नाही म्हणून तर अडत नसेल?"

परभणीच्या या तरुणाने एका लहान कंपनीत तीन वर्षे अँड्रॉइडचे काम केले होते. त्याच्यासमोरच मी बायोडेटातील लिंक माझ्या फोनवर एकेक करून उघडल्या, कारण निवड करणाराही बहुधा तेच करतो. सात अ‍ॅप सापडलीच नाहीत. काही ग्राहकांनी बंद केली होती. काहींचे target API level, म्हणजे अ‍ॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवले ते सांगणारा आकडा, कित्येक वर्षे वाढवलेले नसल्यामुळे प्ले स्टोअर ती नव्या फोनवर दाखवतच नव्हते. उरलेल्यांपैकी तिघांना जवळजवळ पाच तारे होते, पण ते देणारे जेमतेम वीस-बावीस जण, आणि त्यांतलेही बरेचसे मित्रच, हे त्याने हसत कबूल केले.

मग मी गाळलेल्या अ‍ॅपविषयी विचारले. ते मोंढ्यातील बाजारभाव दाखवणारे अ‍ॅप होते आणि शेतकरी ते रोज उघडत. एक नवी आवृत्ती त्याने एकदम सर्वांना दिली आणि जुन्या फोनवर अ‍ॅप उघडताच बंद पडू लागले. प्ले स्टोअरवर मागची आवृत्ती जशीच्या तशी परत आणता येत नाही. म्हणून जुना कोड वाढीव versionCode, म्हणजे वरचा आवृत्ती-क्रमांक, देऊन त्याला पुन्हा चढवावा लागला. तोवर रेटिंग २.९ वर आले होते. पुढची दुरुस्ती त्याने आधी १० टक्के लोकांनाच दिली, दोन दिवस अ‍ॅपची तब्येत दाखवणाऱ्या Android vitals मधील क्रॅशचे प्रमाण गुगलच्या १.०९ टक्क्यांच्या मर्यादेखाली राहते का ते पाहिले आणि मगच ती सर्वांपर्यंत नेली. प्ले स्टोअर अलीकडच्या मतांना अधिक वजन देते, त्यामुळे रेटिंग हळूहळू ३.४ पर्यंत चढले.

आवृत्ती बाहेर काढण्याचा खरा अनुभव त्याच्याकडे एवढाच होता आणि नेमका तोच त्याने लपवला होता! आम्ही बंद अ‍ॅपची नावे काढली आणि बाजारभावाचे अ‍ॅप सर्वांत वर घेऊन त्याखाली लिहिले: "सदोष आवृत्तीनंतर टप्प्याटप्प्याने वितरण सुरू केले, रेटिंग २.९ वरून ३.४." मुलाखतीत कोणता फोन, कोणती चूक, ती किती तासांत कळली हे विचारले जाईल, म्हणून ते तपशीलही त्याच्याकडून वहीत उतरवून घेतले.

"आयओएसची माहिती" ही ओळ मात्र मी खोडायला लावली. त्या कामाला मॅक लागतो, अ‍ॅप स्टोअरवर अ‍ॅप ठेवायला वर्षाला ९९ डॉलर लागतात, आणि त्याने दोन्हींना हात लावलेला नव्हता. अँड्रॉइडच्या जागेसाठी अर्ज करताना त्या ओळीचा उपयोग नव्हता. आयफोनच्या जागेसाठी ती पहिल्याच प्रश्नाला उघडी पडली असती.