30 टक्के नेमके कशातले?

प्रश्न: मी तीन वर्षं गणित शिकवणारा यूट्यूब चॅनेल चालवतो. कमाई मुख्यतः यूट्यूबच्या जाहिरातींची. मी स्वतःचा अभ्यासक्रमही विकतो आणि अधूनमधून एखादं शैक्षणिक ॲप प्रायोजकत्वासाठी विचारतं. अनेक यूट्यूब चॅनेल सांभाळणाऱ्या एका नेटवर्कने करार पाठवलाय: ‘चॅनेलशी संबंधित सर्व उत्पन्ना’त 70:30 वाटणी, मुदत 3 वर्षं, 90 दिवस आधी कळवलं नाही तर आपोआप आणखी 3 वर्षं. बदल्यात कॉपीराइट संरक्षण आणि ‘चॅनेलची वाढ’. चार दिवसांत सही मागितलीय. करू का?

उत्तर: या मसुद्यावर नको.

70:30 हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण तो कशावर लागतो ते बघा. व्हिडिओवर दिसणाऱ्या जाहिरातींच्या दर 100 रुपयांतले 45 यूट्यूब स्वतःकडे ठेवतं आणि 55 तुम्हाला मिळतात. नेटवर्कचे 30 टक्के या 55 मधून जातील, म्हणजे साडेसोळा. उरले साडेअडतीस. आज जे घरी येतं तेवढंच पुन्हा यायला तुमचं जाहिरातींचं उत्पन्न सुमारे 43 टक्क्यांनी वाढावं लागेल. ही वाढ कशी होणार, ते त्यांना लेखी विचारा. ‘वाढ’ हा शब्द करारात असतो, पण ती झाली नाही तर काय, हे सहसा नसतं.

त्याहून धोक्याचे शब्द म्हणजे ‘सर्व उत्पन्न’. तुमचा अभ्यासक्रम त्यात येतो. जे ॲप नेटवर्कच्या आधीपासून तुमच्याशी बोलतंय, तेही येतं. हे कलम बदलून घ्या: वाटा फक्त नेटवर्कने लेखी ओळख करून दिलेल्या नव्या प्रायोजकांच्या कामावर, आणि तोही प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेतून कर आणि निर्मितीखर्च वजा करून. असं प्रायोजकत्व आणून देणाऱ्या एजन्सीचं कमिशन साधारण 10 ते 20 टक्के असतं. जे काम त्यांनी आणलंच नाही, त्यावर शून्य.

कॉपीराइट संरक्षणाचं आमिष मात्र पोकळ नाही. कंटेंट आयडी ही उचललेले व्हिडिओ आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा एकट्या निर्मात्याला सहसा मिळत नाही, नेटवर्ककडे ती असते. तुमचे धडे कोणी तुकडे करून रोज चढवत असेल, तर तिचा खरा उपयोग आहे. पण कोणी आख्खा व्हिडिओ उचलला, तर कमाई सुरू असलेल्या चॅनेलला मिळणारं कॉपीराइट मॅच टूल तो दाखवतं, आणि काढून टाकण्याचा अर्ज कोणीही फुकट करू शकतो. तुमचा त्रास यांपैकी कुठला, हे आधी तपासा. शिवाय कंटेंट आयडीत तुमचे व्हिडिओ नेटवर्कच्या नावाने नोंदले जातात. करार संपल्यावर त्या नोंदी तशाच राहिल्या, तर तुमच्याच नव्या व्हिडिओवर जुन्या नेटवर्कचा दावा येऊ शकतो. म्हणून सर्व नोंदी आणि दावे 7 दिवसांत सोडण्याचं कलम हवं. व्हिडिओंचे हक्क ‘हस्तांतरित’ करायचे नाहीत, मुदतीपुरता परवाना द्यायचा.

आता पैसे कुठून येणार? नेटवर्कशी जोडल्यावर जाहिरातींची कमाई साधारणपणे त्यांच्यामार्फत तुमच्याकडे येते. नोव्हेंबर 2018 मध्ये डिफाय मीडिया ही अमेरिकी कंपनी एकाएकी बंद पडली, तेव्हा अनेक निर्मात्यांनी आपली कमाई तिथे अडकल्याचं जाहीरपणे सांगितलं. अशा वेळी तुम्ही रांगेतले एक घेणेकरी ठरता, आणि तारण असलेली बँक तुमच्या पुढे उभी असते. म्हणून दर महिन्याचा हिशेब, रक्कम जमा झाल्यापासून 30 दिवसांत तुमचा वाटा, हिशेबाच्या वह्या तपासण्याचा हक्क, आणि दोन महिने पैसे थकले तर कुठल्याही दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा मागा.

आपोआप नूतनीकरण तर काढूनच टाका. 90 दिवसांची तारीख एकदा हुकली की आणखी 3 वर्षं गेली, आणि ती हुकतेच. पहिली मुदत 12 महिन्यांची ठेवा, पुढे दोघांपैकी कोणीही 30 दिवसांच्या सूचनेने मोकळं व्हावं. चॅनेल त्यांच्या यंत्रणेतून सोडवून द्यायची जबाबदारी कोणाची आणि किती दिवसांत, हेही लिहून घ्या. करारावर वाद झाला तर यूट्यूब मध्यस्थी करत नाही.

तुमची बहुतेक कमाई जाहिरातींची आणि अभ्यासक्रमाची आहे. ती मिळवायला मधला माणूस लागत नाही, त्यामुळे सध्या स्वतंत्र राहणंच फायद्याचं. प्रायोजकांचे निरोप इतके वाढले, की दर ठरवणं आणि थकबाकी मागणं व्हिडिओंचा वेळ खाऊ लागलं, तर फक्त प्रायोजकत्व बघणारी एजन्सी शोधा. तिला यूट्यूबच्या उत्पन्नात वाटा लागत नाही.

चार दिवसांची घाई त्यांची आहे. वरच्या दुरुस्त्या एका ईमेलने पाठवा. ‘आमचा करार सगळ्यांना सारखाच’ असं उत्तर आलं, तर विषय तिथेच संपवा. सही केलीत तरी चॅनेलचं मालक-खातं कोणालाही देऊ नका; यूट्यूब स्टुडिओत मॅनेजरची परवानगी त्यांना पुरे.