नोकरदार इंजिनिअरांसाठी वेबिनारचे निमंत्रण कसे लिहावे?

प्रश्न: अंबड-सातपूरमधील गुणवत्ता विभागाच्या इंजिनिअरांसाठी आम्ही 28 ऑक्टोबर 2026 रोजी सायंकाळी 7:30 वाजता झूमवर गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापातला किती फरक मापकामुळे आणि किती मोजणाऱ्यामुळे येतो याची तपासणी, या विषयाचा वेबिनार ठेवला आहे. जर्मनी आणि दुबईतले काही जुने सहकारीही येणार आहेत. ‘गुणवत्तेचा नवा मंत्र! दिग्गज तज्ज्ञांकडून शिका! 7:30 आयएसटी, लिंक खाली’ असे कॅप्शन टाकले, पण नोंदणी फारशी होत नाही आणि तेच ते प्रश्न फोनवर येत राहतात. काय बदलावे?

उत्तर: नाशिकमधल्या औद्योगिक प्रशिक्षण कार्यक्रमांची निमंत्रणे लिहिण्याचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे तुम्हाला येणारे फोन कोणते असतील याचा अंदाज करता येतो. यात नेमके काय शिकवणार, वक्ते कोण आहेत आणि लिंक उघडत का नाही, हेच ते प्रश्न असणार. त्यांची उत्तरे कॅप्शनमध्येच हवीत, आणि तीही वाचणाऱ्याच्या मनात ज्या क्रमाने प्रश्न उठतात त्याच क्रमाने.

‘गुणवत्तेचा नवा मंत्र’ हा विषय होत नाही. तुमच्या वाचकाने गेज आर अँड आरचा अभ्यास अनेकदा केलेला असतो; तीन तपासनीस, दहा नग, प्रत्येकी दोन-तीन मोजण्या हे त्याला पाठ असते. त्याची अडचण त्यापुढे सुरू होते. निकाल 10 टक्क्यांच्या आत आला तर काम झाले, 10 ते 30 च्या दरम्यान आला तर वापर आणि खर्च पाहून निर्णय घेता येतो, पण 30 च्या वर गेला आणि ग्राहकाचे ऑडिट तोंडावर असले की मापक बदलावा, तपासनिसाला पुन्हा शिकवावे की नग पकडण्याची पद्धत सुधारावी, हे ठरवावे लागते. म्हणून विषय असा लिहावा: ‘गेज आर अँड आर 30 टक्क्यांच्या वर गेला तर दोष मापकात आहे की मोजणाऱ्यात, हे आकड्यांवरून कसे ओळखावे’. हे वाक्य पहिल्याच ओळीत असावे, कारण लिंक्डइनवर सुरुवातीच्या थोड्या ओळी दिसतात आणि बाकीचा मजकूर वाचकाने उघडला तरच पुढे येतो.

वक्त्यांच्या बाबतीत ‘दिग्गज’ हा शब्द काढून टाकावा आणि त्याच्या जागी तपासून पाहता येईल असे काहीतरी लिहावे. कोणत्या प्रकारच्या कारखान्यात, कोणत्या विभागात, किती वर्षे काम केले आणि या विषयाशी त्याचा थेट संबंध काय, एवढे दोन ओळींत मावते. पदव्यांची रांग लावण्यापेक्षा ‘वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मापन प्रयोगशाळेचे प्रमुख’ हे वाक्य तुमच्या वाचकाला जास्त सांगून जाते. ऑडिटर या शब्दापाशी मात्र जपून राहावे. कंपनीतील अंतर्गत ऑडिटर, आयएसओ 9001 चा लीड ऑडिटर कोर्स पूर्ण केलेली व्यक्ती आणि वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 या गुणवत्ता मानकाचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून ऑडिटला येणारा ऑडिटर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसते ‘आयएटीएफ ऑडिटर’ लिहिले तर सातपूरचा वाचक लगेच विचारणार की यातले कोणते. वक्ते मापके किंवा त्यांचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत असतील तर तेही लिहावे. लपवलेले नंतर कळले की पुढच्या निमंत्रणाकडे कोणी पाहत नाही.

आता वेळ, आणि तुमच्या बाबतीत खरी मेख इथेच आहे. ‘आयएसटी’ हे लघुरूप आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेसाठीही वापरले जाते, म्हणून परदेशातील वाचक असतील तेव्हा ‘भारतीय प्रमाणवेळ, यूटीसी +5:30’ असे पूर्ण लिहावे. त्याहून मोठी अडचण तारखेची आहे. युरोपात उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते, आणि 2026 मध्ये तो रविवार 25 तारखेला येतो. तुमचे निमंत्रण ऑक्टोबरच्या मध्यावर वाचणाऱ्या जर्मनीतल्या सहकाऱ्याच्या डोक्यात भारत साडेतीन तास पुढे असल्याचा हिशेब असतो, म्हणून तो 16:00 ची नोंद करील. प्रत्यक्षात 28 तारखेला फरक साडेचार तासांचा झालेला असेल आणि तुमचा वेबिनार तिथे 15:00 वाजता सुरू होईल. तो येईल तेव्हा तुम्ही आभारप्रदर्शन करत असाल. दुबईत उन्हाळी वेळ नसल्याने तिथला दीड तासाचा फरक वर्षभर तसाच राहतो. त्यामुळे हिशेब वाचकावर न सोडता त्या दिवशीच्या स्थानिक वेळा लिहून द्याव्यात, आणि तारखेसोबत वारही लिहावा, कारण तारीख चुकीची छापली गेली तर वारामुळे ती लगेच पकडली जाते.

सामील होण्याच्या सूचना तुमच्या झूमच्या मांडणीप्रमाणे बदलतात. नोंदणी ठेवली असेल तर कॅप्शनमध्ये फक्त नोंदणीची लिंक द्यावी. सामील होण्याची लिंक प्रत्येकाला त्याच्या नावाने ईमेलवर मिळते, ती पुढे पाठवायची नसते, हे स्पष्ट लिहावे. कार्यालयाच्या लॅपटॉपवर बहुतेक ठिकाणी नवे ॲप बसवता येत नाही, म्हणून ब्राउझरमधून येण्याची सोय चालू ठेवून तिचा उल्लेख करावा. ‘माइक बंद ठेवा’ ही सूचना झूमच्या साध्या मीटिंगसाठी ठीक आहे. वेबिनार प्रकारात श्रोत्यांचे माइक आयोजकाने परवानगी दिल्याशिवाय सुरूच होत नाहीत, तेव्हा त्या जागी प्रश्न कुठे लिहायचे ते सांगावे.

हे सगळे एकत्र केल्यावर मी तुमचे कॅप्शन असे लिहीन:

> गेज आर अँड आर 30 टक्क्यांच्या वर गेला तर दोष मापकात आहे की मोजणाऱ्यात, हे आकड्यांवरून कसे ओळखावे?
> बुधवार, 28 ऑक्टोबर 2026, सायंकाळी 7:30 ते 8:30, भारतीय प्रमाणवेळ (यूटीसी +5:30). त्या दिवशी दुबईत 18:00, जर्मनीत 15:00.
>
> वक्ते: पूर्ण नाव, सध्याचे पद. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातील मापन प्रयोगशाळेत इतकी वर्षे काम. कंपनीचे अंतर्गत ऑडिटर.
> शेवटची 15 मिनिटे प्रश्नोत्तरे. भाषा मराठी, तक्ते इंग्रजीत. शुल्क नाही.
>
> 1. या लिंकवर कंपनीच्या किंवा स्वतःच्या ईमेलने 27 ऑक्टोबरपर्यंत नोंदणी करा.
> 2. झूमकडून येणाऱ्या ईमेलमध्ये तुमच्या नावाची लिंक असेल. दिसली नाही तर स्पॅममध्ये पाहा.
> 3. 7:20 ला तीच लिंक उघडा. ॲप नसेल तर ब्राउझरमधून या. प्रश्न प्रश्नोत्तरांच्या चौकटीत लिहा.
> अडचण आल्यास या क्रमांकावर व्हॉट्सॲप करा. रेकॉर्डिंग नोंदणी केलेल्यांना पाठवले जाईल.

रेकॉर्डिंग देणार नसाल तर तसे लिहा. ती ओळ नुसती गाळली तर त्याचेच फोन येतील. हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवताना विषय आणि वेळ तारांकनांत ठेवल्यास ठळक दिसतात, पण लिंक्डइनवर ती तारांकने तशीच उरतात, म्हणून तिथे काढून टाका. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधील लिंकवर बोट ठेवून ती उघडत नाही; तिथे ती प्रोफाइलमध्ये देऊन पहिल्या सूचनेत तसे लिहावे लागेल. आणि 26 तारखेला, म्हणजे युरोपातील घड्याळे मागे गेल्यानंतरच्या सोमवारी, जर्मनीतल्या मंडळींना ‘तुमच्याकडे 15:00’ एवढाच एक स्वतंत्र संदेश पाठवा.