सायंआरतीचे थेट प्रक्षेपण: सूचना कशी लिहावी

न्यू जर्सीहून एका भगिनींनी विचारले आहे की, ठाण्यात नौपाड्याला त्यांच्या माहेरच्या जुन्या वाड्याच्या जागी आता इमारत उभी आहे, तळमजल्यावरचे दत्तमंदिर मात्र तसेच राखले आहे, आणि तिथली रोजची साडेसातची आरती लंडन, सिडनी व अमेरिकेत पांगलेल्या मंडळींना यूट्यूबवर दाखवायची आहे, तर त्याची सूचना कशी लिहावी. सोबत त्यांनी मसुदाही पाठवला आहे. त्यात देवाविषयी आठ ओळी आहेत, वेळ कोणत्या देशाची हे नाही आणि दुवा ‘रोज पाठवू’ एवढाच आहे.

आधी दुव्याचे पाहू, कारण खरी अडचण तिथेच आहे. प्रत्येक प्रक्षेपणाला यूट्यूब नवा दुवा देते, त्यामुळे कालचा दुवा उघडणाऱ्या काकूंना कालचीच आरती दिसते आणि त्या भाबडेपणाने तिलाच हात जोडतात. वाहिनीच्या पत्त्यापुढे `/live` जोडले की त्या क्षणी चालू असलेले प्रक्षेपण उघडते आणि एकच दुवा कायमचा देता येतो, पण त्यासाठी प्रक्षेपण सर्वांसाठी खुले असावे लागते. ‘अनलिस्टेड’ ठेवल्यास रोज नवा दुवा पाठवणे आले. घरच्या देवघरातील पूजा असती तर मी तोच त्रास पत्करा म्हटले असते, परंतु तुमच्या मंदिरात रस्त्यावरचा माणूसही दर्शनाला येतो, तेव्हा खुले ठेवण्यास हरकत दिसत नाही. फोनवरून प्रक्षेपण करण्यासाठी वाहिनीला किमान 50 सदस्य लागतात आणि ही सोय पहिल्यांदा सुरू होण्यास 24 तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून आधी नातलगांना सदस्य करून घ्या, दोन दिवस चाचणी घ्या आणि मगच सूचना काढा.

वेळ ठाण्याचीच लिहावी. आपले घड्याळ वर्षभर बदलत नाही, तिकडची बदलतात. सायंकाळी 7.30 म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे 10 आणि हिवाळ्यात 9, तर लंडनमध्ये अनुक्रमे दुपारचे 3 आणि 2. सिडनीत तेव्हा मध्यरात्र किंवा रात्रीचा 1 वाजलेला असतो, त्यामुळे तिथल्यांना ‘सकाळी उठून ध्वनिचित्रण पाहावे’ असे सांगणेच बरे.

कॅमेऱ्याचे नियम गुरुजींसमोर बसून ठरवावेत. फोनचा स्टँड गाभाऱ्याच्या उंबरठ्याबाहेर, थोडा एका बाजूला आणि पहिल्या रांगेच्या पुढे ठेवला, तर सोवळ्याचा प्रश्न उरत नाही, गुरुजींच्या पाठीने मूर्ती झाकली जात नाही आणि आरतीला उभ्या असलेल्यांचे चेहरे मागे राहतात. प्रदक्षिणा घालणारे तरीही मध्ये येणारच, म्हणून ‘7.30 ते 8 चित्रण चालू असते’ अशी पाटी दाराशी लावावी. अभिषेक आणि मूर्तीची वस्त्रे बदलणे दाखवू नये; नैवेद्याला पडदा ओढण्याची रीत असेल, तर तो कॅमेऱ्यासाठी उघडा ठेवू नये.

चाचणीत एक गोष्ट नक्की दिसेल: कापूर पेटला की मूर्ती एकाएकी काळी पडते. ज्योत भगभगीत असल्याने फोन संपूर्ण चित्रच अंधारे करतो. मूर्तीवर बाजूने एक स्थिर दिवा सोडला आणि फोन आणखी दोन हात मागे घेतला की हे बरेच कमी होते. झांजांचा कर्कश आवाजही त्याच अंतराने निवळतो. आरती मात्र तोंडानेच म्हणावी, कारण ध्वनिमुद्रित आरती लावली तर हक्कांच्या दाव्यामुळे प्रक्षेपण अडू शकते.

पाहणाऱ्यांसाठी दोनच पथ्ये पुरेत. प्रक्षेपण काही सेकंद मागे असते, त्यामुळे तेच बघत शेजारी भावाला व्हिडिओ कॉल लावला की एकच कडवे दोनदा ऐकू येते आणि टाळ्या कुठल्या कुठे पडतात. कॉल आरतीनंतर करावा. दुसरे, संकल्पासाठी गोत्र, पूर्ण नाव आणि जन्मतारीख कोणी खुल्या चॅटमध्ये लिहू नये. ती घरच्यांना फोनवर कळवावी.

आता मसुदा असा होईल: “श्रीदत्तमंदिरातील सायंआरती दररोज ठाण्याच्या वेळेनुसार 7.30 वाजता खालील कायम दुव्यावर दिसेल. आरती सुरू असताना चॅटमध्ये प्रश्न विचारू नयेत व वैयक्तिक माहिती लिहू नये. अभिषेक व नैवेद्य यांचे चित्रण होणार नाही. वीज किंवा इंटरनेट गेल्यास त्या दिवशी प्रक्षेपण होणार नाही. गुरुजींना फोन करू नये.” खाली दुवा आणि अडचण विचारण्यासाठी घरातील एकाच व्यक्तीचे नाव द्यावे.

त्या व्यक्तीनेच आरती संपताच प्रक्षेपण बंद करावे. तुमच्या वहिनी प्रसाद वाटून झाल्यावर बंद करतात, असे तुम्ही लिहिले आहे, आणि मंदिरातली गप्पांची बैठक नेमकी त्याच वेळी भरते.