ऑफिस हलवतोय: ग्राहकांना आणि व्हेंडरना काय कळवायचं, कधी कळवायचं

प्रश्न: आमचं ऑफिस पुढच्या महिन्यात नव्या जागेत जातंय. ग्राहक आणि व्हेंडर सगळ्यांना चालेल असं एकच पत्र लिहायचं आहे. नवीन पत्ता, तारीख आणि सेवेत खंड पडणार नाही हे सांगायचं आहे. नमुना मिळेल का?

नमुना खाली दिलाय, पण एकच पत्र सगळ्यांना पाठवू नका. ग्राहकाला आपलं काम वेळेवर होईल की नाही एवढंच हवं असतं. व्हेंडरला माल कुठे उतरवायचा आणि बिलावर कुठला पत्ता छापायचा ते हवं असतं. दोन्ही एका पत्रात कोंबलं की दोघंही अर्धवट वाचतात.

मी ॲडमिन आणि अकाउंट्स दोन्ही सांभाळते आणि आतापर्यंत दोनदा ऑफिस हलवलंय. पहिल्या वेळी माझ्या पत्रातलं मुख्य वाक्य होतं, "15 तारखेपासून आमचं ऑफिस खालील पत्त्यावर असेल." वाचायला ठीक वाटतं. पण टोनर देणाऱ्या व्हेंडरच्या माणसाने पत्र मिळाल्या मिळाल्या त्यांच्या सिस्टिममध्ये आमचा पत्ता बदलून टाकला. 11 तारखेला निघालेला खोका 12 तारखेला नव्या जागेत पोचला. तिथे फक्त इलेक्ट्रिशियन होता. त्याने बिचाऱ्याने सही करून खोका घेतला, कोपऱ्यात ठेवला आणि त्यावर सुटं केलेलं फर्निचर येऊन पडलं. आम्ही तीन दिवस व्हेंडरशी भांडत होतो की माल आलाच नाही, आणि तो सही केलेली पावती पाठवत होता.

चूक त्याची नव्हती. मी एकच तारीख दिली होती, आणि हलवाहलवीला तारखा कमीत कमी दोन लागतात: जुन्या पत्त्यावर माल किंवा माणूस शेवटचा कधी घेणार, आणि नव्या पत्त्यावर पहिल्यांदा कधी. मधल्या दिवसांत कुठेच काही पाठवू नका, हेही शब्दांत लिहावं लागतं. तारखेसोबत वार लिहा आणि महिना अक्षरात लिहा. 5/6 म्हटलं तर कुणी 5 जून वाचतो, कुणी 6 मे. वार असला की चुकीची तारीख वाचणाऱ्यालाच खटकते. टाइप करताना तुमची स्वतःची चूक झाली असेल तर तीही तिथेच सापडते.

व्हेंडरचं पत्र मी आता असं लिहिते:

"विषय: कार्यालयाचा पत्ता बदल, 15 जून 2026 पासून (डिलिव्हरी आणि बिलिंग)

नमस्कार,
आमचं कार्यालय नव्या जागेत जात आहे. जुन्या पत्त्यावर माल शुक्रवार, 12 जून 2026 रोजी दुपारी 1 वाजेपर्यंत स्वीकारला जाईल. नव्या पत्त्यावर माल सोमवार, 15 जून 2026 रोजी सकाळी 10 पासून स्वीकारला जाईल. या दोन वेळांच्या मध्ये कृपया कोणत्याही पत्त्यावर माल पाठवू नये.

नवीन पत्ता: (बिलावर जसा छापायचा आहे तसाच, ओळीगणिक)

15 जूनपासूनच्या तारखेच्या बिलांवर नवीन पत्ता छापावा. आपल्याकडे आमच्या पुढील ऑर्डर शिल्लक आहेत: (ऑर्डर क्रमांक). त्यांच्या सुधारित प्रती सोबत जोडल्या आहेत.

आमचे फोन नंबर, ईमेल आणि बँक खातं यांत कोणताही बदल नाही. आमच्या नावाने खातं बदलल्याचा निरोप आल्यास आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी.

डिलिव्हरीसंबंधी संपर्क: (एका माणसाचं नाव आणि नंबर)"

यातली शिल्लक ऑर्डरची ओळ कुठल्याही तयार नमुन्यात सापडणार नाही, पण त्रास तिथूनच होतो. तुम्ही कितीही सुंदर पत्र पाठवा, व्हेंडरच्या गोडाऊनमधला माणूस पत्र बघत नाही, हातातली ऑर्डर बघतो. महिन्यापूर्वी काढलेल्या ऑर्डरवर जुना पत्ता छापलेला असेल आणि माल हलवल्यानंतर यायचा असेल, तर तो जुन्याच पत्त्यावर जाणार. म्हणून पत्र पाठवण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि अजून पूर्ण न झालेल्या सगळ्या ऑर्डरची यादी करा. ज्यांचा माल हलवल्यानंतर येणार आहे, त्या ऑर्डर नव्या पत्त्याने पुन्हा काढून पाठवा. दुसऱ्या वेळी आमच्या अशा नऊ ऑर्डर निघाल्या. त्यातल्या दोन मी विसरलेच होते. दर महिन्याला आपोआप येणाऱ्या गोष्टी, म्हणजे पाण्याचे जार, भाड्याचा प्रिंटर, साफसफाईचं सामान, यांची वेगळी ऑर्डर निघतच नाही, त्यामुळे त्या यादीतून हमखास सुटतात. त्यांना सरळ फोन करा.

आता बँकेची ओळ. तुम्ही म्हणाल, खातं बदलत नाहीये तर त्याचा उल्लेख कशाला? त्याचं कारण फसवणूक. "आम्ही जागा बदलली, आता पैसे या नव्या खात्यात भरा" अशी खोटी ईमेल पाठवणाऱ्यांना तुमच्या खऱ्या पत्राइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. पत्ता बदलल्याचं ग्राहकाला माहीत असतं, त्यामुळे खातंही बदललं असेल असं त्याला सहज पटतं. म्हणून ही ओळ ग्राहकाच्या पत्रातही हवीच, कारण पैसे त्याच्याकडून येतात. आणि खात्री करायला पत्रातला नंबर देऊ नका. आधीपासून त्यांच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा, असंच लिहा. खोट्या पत्रातही नंबर असतोच, फक्त तो फसवणाऱ्याचा असतो. खातं खरोखर बदलायचं असेल तर ते याच पत्रात उरकू नका. ऑफिस स्थिरस्थावर झाल्यावर काही आठवड्यांनी वेगळं पत्र काढा आणि मोठ्या ग्राहकांना स्वतः फोन करा.

ग्राहकाचं पत्र छोटं ठेवा. त्यात फक्त सेवेच्या वाक्याकडे नीट लक्ष द्या. "आमच्या सेवेत कोणताही खंड पडणार नाही" हे सगळेच लिहितात आणि वाचणारा त्यावर अजिबात विश्वास ठेवत नाही. त्यातून शुक्रवारी दुपारी त्याने फोन केला आणि रिंग वाजत राहिली, की ते वाक्य खोटंच ठरतं. त्याऐवजी खरंच काय बंद राहणार ते आधी स्वतः मोजा. आमच्याकडे मोजल्यावर निघालं ते एवढंच: ऑफिसचा लँडलाइन शुक्रवारी दुपारनंतर सोमवार सकाळपर्यंत बंद, आणि समोरासमोरच्या भेटी त्या काळात नाहीत. ईमेल चालूच राहणार होतं, कारण ते ऑफिसमधल्या मशीनवर नव्हतं. तुमचा सर्व्हर ऑफिसात असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल. मग पत्रात असं गेलं:

"शुक्रवार, 12 जून रोजी दुपारी 2 ते सोमवार, 15 जून रोजी सकाळी 9 या वेळेत आमचा लँडलाइन बंद राहील. या काळात (मोबाइल नंबर) वर संपर्क साधावा. ईमेल नेहमीप्रमाणे पाहिली जातील. 12 ते 16 जूनदरम्यान द्यायची ठरलेली कामं आम्ही गुरुवार, 11 जूनपर्यंत आपल्याला देऊ. आपलं काम पाहणारी व्यक्ती तीच राहील."

काय बंद आहे ते सांगितल्यामुळे बाकीचं चालू आहे यावर ग्राहक विश्वास ठेवतो. पण शेवटून दुसरं वाक्य लिहिण्याआधी काम करणाऱ्या मंडळींना विचारा. 16 तारखेचं काम 11 ला देता येईल का, हे अकाउंट्समध्ये बसून ठरवायची गोष्ट नव्हे. (मी एकदा ठरवलं होतं. दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.)

पत्र कधी पाठवायचं? चार आठवडे आधी पहिलं, एक आठवडा आधी आठवण, आणि नव्या जागेतल्या पहिल्या सकाळी दोन ओळी. पण पहिलं पत्र नव्या जागेचा ताबा आणि इंटरनेट जोडणीची तारीख पक्की झाल्याशिवाय सोडू नका. तारीख पुढे ढकलल्याचं दुसरं पत्र पाठवावं लागलं की लोक दोन्ही पत्रं विसरतात आणि जुन्याच पत्त्यावर येतात. ज्या ग्राहकांशी लेखी करार आहे, त्यांचे करार उघडून नोटिशीचं कलम वाचा. औपचारिक नोटीस कुठल्या पत्त्यावर आणि कशी पाठवायची, हे तिथे बहुधा लिहिलेलं असतं आणि पत्ता बदलल्याची नोटीसही त्याच पद्धतीने, सहीनिशी द्यावी लागते. अशांना फक्त ईमेल पुरेलच असं नाही. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता बदलत नसेल तर तेही एका ओळीत लिहा, नाहीतर त्यांचा वकील विचारेलच.

पाठवताना दोन गोष्टी सांभाळा. सगळे पत्ते To मध्ये टाकू नका. आमच्या ओळखीच्या एका ऑफिसने तसं केलं आणि त्यांची अख्खी ग्राहकयादी प्रत्येक ग्राहकाच्या हातात गेली. एकेकाला वेगळं पाठवा, नाहीच जमलं तर BCC वापरा. दुसरं, फुगे आणि रिबिनी असलेलं चित्र करून त्यात पत्ता घालू नका. चित्रातला पत्ता सहज कॉपी करता येत नाही, त्यामुळे समोरचा क्लार्क तो बघून हाताने टाइप करतो. आमचा मजला असाच एकाने 4 चा 14 केला आणि महिनाभर त्याची पाकिटं वरच्या मजल्यावरची मंडळी आणून देत होती. चित्र हवंच असेल तर लावा, पण पत्ता खाली साध्या मजकुरात असू दे. नकाशाची लिंक दिलीत तर पाठवण्याआधी ती स्वतःच्या फोनवर उघडून बघा. पिन इमारतीच्या मागच्या बाजूला पडलेली असते आणि माल घेऊन आलेला माणूस तिथल्या बंद गेटवर उभा राहतो.

हे सगळं करूनही जुन्या पत्त्यावर काही ना काही येत राहीलच. जुन्या इमारतीच्या वॉचमनला आणि शक्य असेल तर तुमच्या जागी येणाऱ्या भाडेकरूला नंबर देऊन ठेवा आणि पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा कुणालातरी तिथे पाठवा. तिथे आलेलं प्रत्येक पाकीट कुणाकडून आलं ते एका वहीत लिहा आणि त्याच दिवशी पाठवणाऱ्याला फोन करा. आमच्या वहीत पहिल्या महिन्यात सतरा नावं होती, तिसऱ्या महिन्यात दोन. त्या दोघांच्याही सिस्टिममध्ये आमचं नाव दोनदा होतं आणि त्यांनी पत्ता एकाच ठिकाणी बदलला होता.