“पहिला कोण?” असं तिनं विचारलं पाहिजे

प्रश्न: मी साताऱ्याचा, वय २४. क्लासमधली एक मुलगी मला आवडते, पण तिला अजून काही बोललेलो नाही. काल रात्री तिचा मेसेज आला, “अरे, आज जिममधला एक जण मला म्हणाला, तुझं हसणं लय भारी आहे,” आणि पुढे हसरा इमोजी. मी “अच्छा” एवढंच पाठवलं आणि गप्प बसलो. जळतोय असं न वाटता, हक्क न गाजवता, तिला हसू येईल असं काय लिहायचं असतं?

उत्तर:

वयानं मी तुझ्या ताईसारखी, म्हणून अरे-तुरे करते. मी सांगलीची. मानसशास्त्रात एम.ए. केलंय आणि कॉलेजात असताना अशी बातमी एका मुलाला मुद्दाम ऐकवलीही आहे. त्यामुळे पलीकडच्या बाजूनं हे कसं दिसतं, ते मला चांगलं माहीत आहे.

तिच्या मेसेजमध्ये दोन गोष्टी आहेत. तो जे बोलला ते तिनं जसंच्या तसं लिहिलंय आणि पुढे हसलीय. म्हणजे कौतुक ऐकून तिला बरं वाटलं आणि ते तुला सांगावंसं वाटलं. तो मुलगा तिला आवडतो, असं त्यातून निघत नाही. तू काय म्हणतोस ते बघायचं असेल, किंवा नुसतीच दिवसातली गंमत सांगायची असेल. नक्की काय ते शोधत रात्रभर बसू नकोस, कारण दोन्हीला उत्तर एकच चालतं.

पण तिसरा प्रकार ओळखता आला पाहिजे. “तो परत आला होता”, “रोज माझ्याच मशीनजवळ उभा राहतो”, “माझा नंबर त्याला कुणी दिला कळत नाही” अशी वाक्यं असतील आणि इमोजी गायब असेल, तर तिला त्याचा त्रास होतोय. तिथं विनोद करायचाच नाही. “तुला त्रास होतोय का? मी काय करू म्हणजे तुला बरं वाटेल?” एवढंच विचारायचं आणि ती सांगेल तेवढंच करायचं. स्वतःहून जिममध्ये जाऊन त्याला गाठायचं नाही.

तुझ्या बाबतीत तसं दिसत नाही, तेव्हा विनोदाकडे वळते. विनोद कुणावर करायचा, हाच इथं खरा प्रश्न आहे. मुलं हमखास जी उत्तरं देतात, ती बहुतेक चुकीच्या माणसावर जाऊन पडतात.

“त्याला चष्मा लागलाय का बघ” हे घे. लिहिणाऱ्याला वाटतं, आपण त्या मुलाची खेचली. वाचणारीला त्याचा अर्थ असा लागतो की माझं हसणं चांगलं म्हणायला माणूस आंधळाच असायला पाहिजे. जवळच्या मैत्रीत ती हसेलही, पण तिला मिळालेलं कौतुक तू तिच्या हातातून काढून घेतलंस. “जिमवाल्यांना डोकं कुठं असतं” लिहिलंस तर आणखी वाईट. ती म्हणणार, “नाही रे, चांगला आहे तो.” म्हणजे ज्याच्याबद्दल तिला फारसं काही वाटतही नव्हतं, त्याची बाजू घ्यायला तूच तिला लावलंस.

“मग पेढे कधी?” हे तर आपल्याकडचं ठरलेलं. साताऱ्यात कंदी पेढे म्हटलं की विषय थेट साखरपुड्यावर जातो. आपल्याला काही फरक पडत नाही असं दाखवायला मुलं हे लिहितात आणि समोरची ते खरं मानते. याला माझ्यात रस नाही, असं समजून ती पुढच्या वेळी तुला काही सांगणार नाही. “सांभाळून राहा हं, असली पोरं चांगली नसतात” यात काळजीच्या नावाखाली हक्क आहे आणि तो मुलींना लगेच कळतो. घरात भाऊ, काका, मामा सगळे हेच म्हणत असतात.

आणि एक “आमच्यासारख्यांना कोण विचारतंय!” हे साधं, निरुपद्रवी वाटतं. रॉड मार्टिन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. माणसं जोडणारा, स्वतःला उभारी देणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला खाली पाडणारा. चष्म्याचा विनोद तिसऱ्यातला, “आम्हाला कोण विचारतंय” चौथ्यातला. चौथ्याची अडचण अशी की आता तिला तुझी समजूत काढावी लागते. बातमी तिची होती, तिच्या आनंदाची होती, आणि दोन मेसेजांत विषय तुझ्या दुःखावर आला.

मग उरतं काय? त्या मुलाशी सहमत व्हायचं. तुझी परिस्थिती घेऊनच सांगते. तिनं लिहिलं, “जिममधला एक जण म्हणाला, तुझं हसणं लय भारी आहे.” तू लिही:

“चला, साताऱ्यात पारख असलेला दुसरा माणूस निघाला म्हणायचा.”

यात त्या मुलाला नावं ठेवलेली नाहीत, उलट शाबासकी दिलीय. तिचं कौतुक खरं ठरवलंय. आणि सगळं काम “दुसरा” या एका शब्दानं केलंय. पहिला कोण हे तू सांगितलेलं नाहीस. तिला ते उचलायचं असेल तर उचलेल, नसेल तर “हाहा” करून पुढं जाईल आणि दोघांपैकी कुणाचीच पंचाईत होणार नाही. आवडतेस असं म्हटलंही आणि तिच्यावर काही लादलंही नाही.

आता समज, तिनं विचारलं, “आणि पहिला कोण?” हाच तो क्षण. इथं घाईघाईनं सगळं मन मोकळं करू नकोस, आणि “कुणी नाही, असंच” म्हणून मागंही सरकू नकोस. “तो जिमला जात नाही,” एवढं लिही. ती हसेल आणि तिला कळेल. त्यानंतर फोन खाली ठेव. बरोबर बसलेल्या एका वाक्यामागून आणखी तीन वाक्यं आली की पहिलं वाया जातं.

तिनं “दुसरा” सोडूनच दिला, तर एक साधा प्रश्न विचार. “मग तू काय म्हणालीस त्याला?” हा प्रश्न तिच्याबद्दल आहे. “कोण आहे तो? काय करतो? कुठं राहतो?” हे प्रश्न त्याच्याबद्दल आहेत आणि ओळीनं आले की चौकशी होते. तुझ्या मनात खरी उत्सुकता दुसऱ्या प्रश्नांची असेल, हे मला ठाऊक आहे. तरी पहिलाच विचार, तोही एकदाच. ती जे सांगेल त्यात तुला हवं ते बहुतेक आपसूक येतं.

मी ज्या मुलाला ऐकवलं होतं, त्याचं सांगते. संध्याकाळी आम्ही दोघं आयर्विन पुलावरून चालत होतो. मी म्हटलं, “आज कुणीतरी माझ्या वहीत चिठ्ठी ठेवली होती.” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “अक्षर कसं होतं?”

मला इतकं हसू आलं की मी सगळी चिठ्ठीच सांगून टाकली. कुणी ठेवली, काय लिहिलं होतं हे त्यानं विचारलंच नाही. मग पूल संपता संपता म्हणाला, “चिठ्ठीच्या वाटेनं जायचं तर मला आधी अक्षर सुधारायला लागेल.” त्यात रुसवा नव्हता, त्या मुलाची टिंगल नव्हती. आपणही रांगेत आहोत, हे त्यानं हसत सांगितलं आणि नदीला पाणी किती आलंय या विषयावर गेला. पुढं आमचं जमलं नाही, कारणं वेगळी होती. पण त्या दिवशी मला त्याच्याबरोबर जेवढं मोकळं वाटलं, तेवढं फार कमी जणांबरोबर वाटलंय. म्हणून सांगते, चांगला विनोद नेहमी घटनेतल्या एखाद्या बारीक गोष्टीला धरून येतो. तिथं चिठ्ठी होती म्हणून अक्षर आलं. तुझ्याकडं हसणं आहे म्हणून पारख आली. पाठ केलेलं वाक्य कुठंही चिकटवलं की ते लगेच ओळखू येतं.

“अच्छा” गेलाय त्याचं काय, असं तुझ्या मनात असेल. एक दिवसच झालाय, काही बिघडलेलं नाही. आज लिही, “काल नुसतं अच्छा म्हणालो, पण विचार केला तर तो मुलगा बरोबरच बोलला.” सफाई द्यायची नाही, “झोपलो होतो” वगैरे काही नको. ती उत्तर देईल, मग पारखीचं वाक्य तिथं वापर.

साताऱ्यात राहतोस म्हणून एक गोष्ट जास्तीची. राजपथावर दोन चकरा मारल्या की चार ओळखीचे भेटतात, आणि तो जिमवाला तुझ्याच एखाद्या मित्राचा मावसभाऊ निघू शकतो. तू लिहिलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट उद्या त्याच्यापर्यंत गेला तर चालेल का, हे पाठवण्याआधी बघ. त्यालाही वाचून हसू येणार असेल, तर ओळ चांगली आहे. त्याला राग येणार असेल, तर तिलाही आज ना उद्या खटकेलच.

आता जळणं खरं कुठं उघडं पडतं, ते सांगते. त्या रात्री नाही पडत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडतं. क्लास सुटल्यावर पोवई नाक्यावर चहा घेताना तू म्हणतोस, “काय मग, तुझा जिमवाला काय म्हणतो?” तिनं विषय काढलेला नसतो, ती विसरलेलीही असते, पण तुझ्या डोक्यात तो अजून आहे हे तिला दिसतं. “तुझा” म्हणून तर तू तिला त्याच्याशी जोडूनच टाकलंस. त्याचं नाव, टोपणनाव, जिमचे विनोद, काहीच तुझ्याकडून निघता कामा नये. तिनं काढलं तर ऐक, हस, आणि बोलणं तिच्या बाजूला ने.

तसंच, उत्तर मुद्दाम दोन तास उशिरा देणं, स्टेटसला दुःखी शेर लावणं, तिच्या मैत्रिणीला “तो कोण गं?” विचारणं, हे सगळं शब्दांपेक्षा जास्त बोलतं. नेहमी जेवढ्या वेळात उत्तर देतोस तेवढ्याच वेळात दे.

हे विनोदाचं उत्तर एकदा चालतं, फार तर दोनदा. ती तिसऱ्यांदा त्याच मुलाबद्दल सांगत असेल, तर तिचा सूर नीट ऐक. “मला पण तो जरा आवडायला लागलाय” असं म्हणाली, तर हुशार वाक्य शोधायचं नाही. “बरं झालं सांगितलंस. थोडं वाईट वाटलं, कारण मला तू आवडतेस. पण तू ठरवशील ते मला मान्य आहे,” असं सरळ बोल, आणि शक्यतो समोर भेटून बोल. त्याच्याबद्दल काही ठरलेलं नसताना ती पुन्हा पुन्हा तुझ्याकडंच हे घेऊन येत असेल, तरीही तेच कर, फक्त वाईट वाटल्याचं वाक्य गाळ. “पहिला मीच होतो. रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावर येतेस का?” एवढं पुरे. नाही म्हणाली तर “ठीक आहे” म्हण आणि सोमवारी क्लासमध्ये तिच्याशी नेहमीसारखाच बोल.